पूरपातळीचा आकडा निवेदकाच्या तोंडी देताना

सांगलीत पावसाळ्यात निवेदनाच्या संहिता लिहिण्याचे काम मी सुरू केले, तेव्हा हाती आलेले टिपण जसेच्या तसे उतरवून देत असे. अशाच एका संहितेतील ओळ साधारण अशी होती (आकडे उदाहरणादाखल आहेत): "ता. ६ : कोयनेतून ४२,१०० क्युसेक विसर्ग. आयर्विन पूल ३९.६, स. ८ वा." निवेदक "ता." पाशी थबकले, कारण डोळ्यांना आधी तालुका दिसला. पुढे "एकोणचाळीस सहा" असे म्हणून ते थांबले. दोष त्यांच्या वाचनाचा नव्हता, माझ्या लिहिण्याचा होता.

त्या ओळीतील सर्वांत घातक चिन्ह म्हणजे टिंब. पूरपातळीच्या टिपणात "३९.६" हे कोणी एकोणचाळीस फूट सहा इंच या अर्थाने लिहितो, तर कोणी दशांशाने, आणि दशांश असेल तर ती पातळी एकोणचाळीस फूट सात इंचांच्या जवळ जाते. अंदाज न करता टिपण पाठवणाऱ्याला विचारावे. त्या दिवशी फूट-इंच असल्याची खात्री झाली आणि मी "साडेएकोणचाळीस फूट" असे लिहिले. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून येथे "साडे" चालते. पाच इंच असते तर "एकोणचाळीस फूट पाच इंच" असेच लिहावे लागले असते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असल्यामुळे अर्ध्या फुटाची चूकही ऐकणाऱ्याला भलताच अर्थ सांगू शकते.

विसर्गाचा आकडा मी "बेचाळीस हजार शंभर क्युसेक" असा अक्षरी लिहितो आणि समासात ४२,१०० हा अंक ठेवतो, कारण ऐनवेळी आकडा बदलला तर अंकावरून पडताळणी लवकर होते. क्युसेक म्हणजेच दर सेकंदाला एक घनफूट; त्यापुढे "प्रतिसेकंद" जोडणे चूक आहे. १,५०,००० असल्यास "दीड लाख" सहज वाचले जाते, मात्र १,५२,००० ला दीड लाख म्हणू नये.

संक्षेप तर मी पूर्णपणे सोडून दिले. "मा." म्हणजे माननीय की माजी, "रा." म्हणजे राहणार की रात्री, "मि." म्हणजे मिनिट की मिलिमीटर, हा निवाडा निवेदकावर टाकता येत नाही. आकडा आणि त्याचे एकक एकाच ओळीत राहील, पान उलटताना तुटणार नाही, हेही पाहावे.

संहिता तयार झाली की ती आधी न पाहिलेल्या सहकाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतो आणि तो जेथे अडखळतो, तेथे नवी शब्दरचना करतो. ती ओळ शेवटी अशी झाली: "आज, सहा ऑगस्ट. सकाळी आठ वाजता आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेएकोणचाळीस फूट आहे. इशारा पातळीला अर्धा फूट बाकी आहे. कोयना धरणातून बेचाळीस हजार शंभर क्युसेक विसर्ग सुरू आहे."