फॉर्म भरा म्हणून सगळ्यांना सांगता पण भरत कोणी नाही? या चुका टाळा

मागे एका ट्रेनिंगसाठी 80 जणांकडून फॉर्म भरून घ्यायचा होता. मी मेल टाकला, "सर्वांना विनंती की खालील फॉर्म लवकरात लवकर भरावा." चार दिवसांत आले 19. तेव्हा लोकांचा राग आला होता, पण चूक माझ्याच वाक्यात होती.

"लवकरात लवकर" ही तारीखच नाही, त्यामुळे वाचणारा म्हणतो बघू नंतर, आणि तो मेल खाली जातो. वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा आणि तीच तारीख का ते पण सांगा, कारण पटलं की लोक भरतात. "सर्वांना" हा शब्द पण घातक आहे, प्रत्येकाला वाटतं बाकीचे भरतीलच की. मेल मर्ज करून नाव टाका. मग माझा मेल असा झाला:

"नमस्कार (नाव), शुक्रवार 14 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत हा फॉर्म भरून द्या. 6 प्रश्न आहेत, 3 मिनिटं लागतील. शनिवारी सकाळी बॅच पाडणार आहोत, त्यानंतर आवडीची वेळ देता येणार नाही."

3 मिनिटं हे स्वतः मोबाईलवर भरून, मोजून लिहा, उगाच कमी सांगितलं तर लोक अर्ध्यात सोडतात.

आता रिमाइंडर, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. "80 पैकी फक्त 19 जणांनीच भरलाय, ही गंभीर बाब आहे" असं लिहिलं की ज्याने भरला नाही त्याला उलट धीर येतो, म्हणजे बहुतेकांनी नाहीच भरला ना! आकडा मोठा झाल्यावरच सांगा, "52 जणांचे आलेत, तुमचा बाकी आहे." आणि हे फक्त बाकी असलेल्यांनाच पाठवा. सगळ्यांना पाठवलं की भरलेले लोक गोंधळून परत भरतात आणि डबल एंट्र्या होतात. गूगल शीटमध्ये A कॉलमला तुमची ईमेल यादी आणि उत्तरांच्या टॅबमध्ये ईमेल B कॉलमला असेल तर यादीच्या दुसऱ्या ओळीत रिकाम्या कॉलमला हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF('Form Responses 1'!B:B,A2)
```

0 आला की तो बाकी. पण कोणी दुसऱ्याच ईमेलने भरला असेल तरी 0 च येतो, म्हणून रिमाइंडरमध्ये "आधीच भरला असेल तर कोणत्या ईमेलने ते कळवा" ही ओळ घालाच, नाहीतर भरलेला माणूस दुखावतो.

आणि एक, मेल गेल्यावर पहिल्या दिवशी एकही फॉर्म आला नाही तर शब्द बदलत बसू नका, आधी लिंक इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा. फॉर्ममध्ये फाइल अपलोडचा प्रश्न असेल तर गूगल अकाउंटने लॉगिन करावंच लागतं, आणि बरेच जण तिथूनच परत जातात. शक्य असेल तर तो प्रश्न काढा, फाइल मेलवर मागवा.

माझे शुक्रवारपर्यंत 74 आले. उरलेल्या सहा जणांना फोन केला, त्यातल्या दोघांचे ईमेलच यादीत चुकीचे होते.