समानार्थी शब्दांच्या यादीचे फोटो गेले, मग काय केलं

तलाठी भरतीसाठी वहीतल्या याद्यांचे फोटो मोबाईलमध्ये होते, रत्नागिरीच्या पावसात मोबाईल भिजला नि सगळे गेले. मग यादी आठवत बसण्यापेक्षा मुळापासून बांधली. पाण्यापासून सुरुवात केली: जल, नीर, अंबु, वारि. ज म्हणजे जन्मलेला, म्हणून जलज, नीरज, अंबुज, वारिज हे सगळं कमळ. द म्हणजे देणारा, म्हणून जलद, नीरद, अंबुद म्हणजे ढग, आणि धि लावला की जलधि, वारिधि म्हणजे समुद्र. एवढ्यात तीन प्रश्नांची तयारी होते, फक्त जलदचा अर्थ वेगवान पण होतो त्यामुळे पर्याय नीट बघायचे.

विरुद्धार्थीला नुसता अ लावून भागत नाही, अनुकूलचं प्रतिकूल, उन्नतीचं अवनती, तिथे उपसर्गच बदलतो, म्हणून मी जोडीच लिहिते.

वाक्प्रचार मात्र असे बनवता येतच नाहीत, शब्द तोच पण क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो. पाणी पाजणे म्हणजे हरवणे, पाणी सोडणे म्हणजे आशा सोडणे, पाणी जोखणे म्हणजे कुवत ओळखणे. हे जुन्या प्रश्नपत्रिकांतून काढून प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य लिहिलं, जसं की "आमच्या वाडीच्या टीमने फायनलला त्यांना पाणी पाजलं". वाक्यात अर्थ बसला नाही तर लगेच खटकतं.