महिन्याला पंधराशे रुपये आणि चार डबे: सप्लिमेंट घेताना या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका जिममध्ये मी सकाळची बॅच घेतो. नवीन पोरगं आलं की पंधरा-वीस दिवसांत एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, काय चालू करू?" गंमत म्हणजे तोवर निम्म्या पोरांनी काहीतरी चालू केलेलं असतं. मला विचारायला येतात ते पैसे संपल्यावर.

गेल्या वर्षी आलेला एक पोरगा घ्या. वय एकवीस, वजन बासष्ट किलो. कुपवाड एमआयडीसीत अप्रेंटिस, राहायला खोली, दोन वेळचा डबा मेसचा. खिशातून महिन्याला पंधराशे रुपये काढू शकत होता, त्याहून एक रुपया जास्त नाही. पहिल्या महिन्यात त्यानं अकराशेचा बीसीएएचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या पावडरीचा, डबा आणि साडेतीनशेची मल्टिव्हिटॅमिनची बाटली घेतली. दोन महिने व्यायाम अगदी मन लावून केला, पण वजनकाटा हलला नाही आणि बेंच प्रेसही चाळीस किलोवरच अडकून राहिला.

पहिली चूक: ताट न मोजता दुकान गाठणं

मी त्याला आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते कागदावर लिहायला लावलं. सकाळी पोहे आणि चहा, म्हणजे साधारण सात ग्रॅम प्रोटीन. दुपारच्या डब्यात तीन चपात्या, वाटीभर आमटी आणि भाजी, मिळून वीस. संध्याकाळी चहा-बिस्कीट, तीन. रात्री दोन भाकरी, उसळ आणि थोडा भात, पुन्हा वीस. सगळं धरून पन्नास ग्रॅम झालं.

वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. बासष्ट किलोच्या या पोराला म्हणजे शंभरच्या आसपास लागतं, नव्वद झालं तरी चालतं. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा खड्डा रोज पडत होता आणि तो भरायला त्यानं आणलं होतं बीसीएए. हा डबा का निरुपयोगी ते पुढे सांगतो. आधी खड्ड्याचं बघू.

खड्डा म्हटलं की सगळ्यांना व्हे, म्हणजे दुधापासून केलेली प्रोटीन पावडर, आठवतं. पण एकाच मापानं सगळं मोजून बघा: एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं? एक किलो व्हेचा डबा चोवीसशेला घेतला, त्यात तीस स्कूप निघाले आणि स्कूपला चोवीस ग्रॅम प्रोटीन मिळालं, तर एका ग्रॅमला सव्वातीन रुपयांच्या वर जातात. अंडं सात रुपयांचं, प्रोटीन सहा ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाहून थोडं कमीच. सुटे सोयाबीनचे वडे दीडशे रुपये किलोनं मिळतात. त्यांच्या शंभर ग्रॅममध्ये बावन्न ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे ग्रॅमला तीस पैसे. भाव तुमच्या पेठेत थोडे इकडेतिकडे असतील, पण क्रम बदलत नाही.

म्हणून आम्ही असं बसवलं: रोज पन्नास ग्रॅम सोया वडे, दोन उकडलेली अंडी आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, फुटाणे. सोयाचे सव्वीस, अंड्यांचे बारा, फुटाण्यांचे सहा, मिळून चव्वेचाळीस ग्रॅम. महिन्याचा खर्च सोयाला सव्वादोनशे, अंड्यांना चारशेवीस, फुटाण्यांना सव्वाशे. पावणेआठशेच्या आत खड्डा भरला.

दोन दिवसांनी तक्रार आली, "सर, पोट फुगायलंय." मला ते अपेक्षितच होतं. तो वडे नुसते गरम पाण्यात बुडवून त्याच पाण्यासकट खात होता. वडे दहा मिनिटं उकळायचे, पाणी फेकायचं, गार पाण्यात दोनदा धुवून हातानं घट्ट पिळायचे आणि मग मेसच्या आमटीत टाकायचे. सुरुवात पंचवीस ग्रॅमनं करायची आणि आठवड्यानं पन्नासवर जायचं. त्याच्या खोलीत फक्त पाणी उकळायची इलेक्ट्रिक किटली होती. अंडी तिच्यातच उकडली आणि वडेही तिच्यातच. घरमालकिणीनं वासावरून कुरकुर केली, पण तेवढं चालायचंच.

दुसरी चूक: क्रिएटिनला शेवटी ठेवणं, आणि घेतल्यावर आठवड्यात उडवणं

व्हे, क्रिएटिन, बीसीएए आणि मल्टिव्हिटॅमिन या चार डब्यांपैकी क्रिएटिनलाच पोरं सर्वांत जास्त घाबरतात. "स्टिरॉइड हाय न्हवं ते?" असं घरच्यांनीही विचारलेलं असतं. क्रिएटिन आपल्या यकृतात आणि मूत्रपिंडात रोज तयार होतं आणि मटणातून, माशांतूनही मिळतं. स्नायूंत त्याचा साठा असतो. जड सेटमध्ये पहिल्या काही सेकंदांत जी ताकद लागते, ती त्या साठ्यातून पुरवली जाते. साठा भरलेला असला की आठव्या रेपला अडकणारा नऊ-दहा काढतो. फायदा एवढाच आहे, पण या चौघांत खात्रीचा हाच.

अन्नातून हा साठा भरणं खिशाला परवडत नाही. किलोभर कच्च्या मटणात चार-पाच ग्रॅम क्रिएटिन असतं, म्हणजे रोजच्या तीन ग्रॅमसाठी अर्ध्या किलोच्या वर मटण लागेल. प्रोटीनचं तसं नाही, ते वाण्याकडे मिळतं. म्हणून खड्डा जेवणानं भरत असेल तर सप्लिमेंटचा पहिला रुपया क्रिएटिनला द्यायचा, असं माझं मत आहे. शाकाहारी पोरांचा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक बहुधा जास्त जाणवतो.

पंधराशेवाल्यांची खरी चूक लोडिंगची. कुणीतरी सांगतं, पहिला आठवडा रोज वीस ग्रॅम घे. हिशोब करा: सात दिवसांत एकशेचाळीस ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या डब्याचा निम्म्याहून जास्त भाग संपला, आणि बऱ्याचदा जुलाबही झाले. लोडिंगनं साठा आठवड्यात भरतो. रोज तीन ग्रॅम घेतलं तर तीन-चार आठवड्यांत तितकाच भरतो. पाव किलोचा सातशेचा डबा तीन ग्रॅमनं ऐंशी दिवस पुरतो, म्हणजे महिन्याला अडीचशे-दोनशेसाठ रुपये. साधं मोनोहायड्रेट घ्यायचं, बिनवासाचं. महागड्या प्रकारांनी त्याच्याहून जास्त काही होत नाही. कोमट पाण्यात नीट विरघळतं. वेळ कोणतीही चालते, रविवारीही घ्यायचं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन किलोभर वाढतं. स्नायूंनी पाणी धरल्यामुळे ते वाढतं. ते बघून "चरबी चढली" म्हणत डबा बंद करणारेही मी पाहिलेत, आणि "किलोभर मसल आलं" म्हणून पेढे वाटणारेही. दोघांचंही चुकलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, आणि किडनीच्या तपासणीत तेच मोजतात. कंपनीच्या मेडिकलमध्ये आमच्या एका पोराचा आकडा थोडा वर आला आणि घरात रडारड झाली. डॉक्टरांना आधीच सांगा की मी क्रिएटिन घेतो. म्हणजे गरज वाटली तर ते वेगळी तपासणी करतील. किडनीचा त्रास आधीपासून असेल, किंवा वय अठराच्या आत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

तिसरी चूक: बीसीएए

यावर फार लिहिण्यासारखं नाही. स्नायू बांधायला नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात, बीसीएएच्या डब्यात त्यांतली तीनच असतात. गवंड्याला विटा दिल्या, पण सिमेंट आणि वाळू दिलीच नाही, तर भिंत उभी राहील का? आणि जेवणातून प्रोटीन पुरेसं येत असेल तर ही तीन त्यात असतातच. व्हेच्या एका स्कूपमध्ये पाच-साडेपाच ग्रॅम बीसीएए आयतं मिळतं. दुकानदार हा डबा पुढे करतो, कारण तो रंगीत असतो, कलिंगडाच्या चवीचा असतो आणि पिताना काहीतरी केल्यासारखं वाटतं. आमच्या पोरानं उरलेल्या डब्याचं काय करू असं विचारलं. म्हटलं, पी, सरबत समजून.

चौथी चूक: मल्टिव्हिटॅमिनला विमा समजणं

गोळी सुरू केल्यावर लघवी पिवळीधमक होते आणि पोरांना वाटतं, औषध लागू पडलं. तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा, गरजेपेक्षा जास्त झालेलं शरीर बाहेर टाकतं. कमतरता नसेल तर या गोळीनं ताकद वाढत नाही. कमतरता असेल तर बहुतेकदा बी-१२ची किंवा डी-जीवनसत्त्वाची असते, विशेषतः अंडी-मांस न खाणाऱ्यांत आणि दिवसभर शेडमध्ये काम करणाऱ्यांत. अशी मोठी कमतरता मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभर मात्रेनं लवकर भरून येत नाही. सतत थकवा, पायांना मुंग्या, अंग दुखणं असं असेल तर तीन-चार महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे रक्त तपासणीला घाला आणि डॉक्टर देतील तेच घ्या.

मग व्हे कधी?

व्हे वाईट नाही, ते फक्त महाग आहे. आमच्या पोराचा महिन्याचा हिशोब जेवणाचे पावणेआठशे आणि क्रिएटिनचे अडीचशे-दोनशेसाठ असा हजाराच्या जरा वर गेला. चारशेसाठ-सत्तर उरायचे, ते तो बाजूला ठेवत गेला. सहा आठवड्यांत बेंच पंचेचाळीस किलोवर आठ रेप झाला आणि वजन चौसष्टला टेकलं. त्यातलं किलोभर पाणीच धरा.

मग श्रावण आला. गावाकडे आईनं बजावलं, महिनाभर अंडी बंद. त्याच महिन्यात त्याला रात्रपाळी लागली आणि किटलीत वडे उकळायलाही सवड राहिना. तेव्हा साठवलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यानं एक किलो व्हे घेतलं. डबा निवडताना मी त्याला समोरचे मोठे आकडे सोडून मागची पट्टी वाचायला लावली. दर शंभर ग्रॅममध्ये सत्तरच्या वर प्रोटीन हवं. तिथं पंधरा-वीसच दिसलं आणि वरची ओळ माल्टोडेक्स्ट्रिनची असली, तर तो गेनर, म्हणजे बहुतांश साखरेसारखा पिठूळ माल. घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं असेल तर प्रोटीनचा आकडा फुगवलेला असण्याची शंका धरा. आणि चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक नसेल तर डबा तिथंच ठेवून यायचं.

पहिल्या दिवशी दुधातून पूर्ण स्कूप घेतला आणि पोट बिघडलं. पाण्यातून अर्धा घेतल्यावर बसलं. रात्री दोन वाजता चहाच्या सुट्टीत तो अर्धा स्कूप, आणि अर्धा सकाळी खोलीवर. श्रावण संपला तेव्हा डब्यात दोन-तीन स्कूप उरले होते. ते त्यानं परीक्षेच्या आठवड्यासाठी ठेवले आणि पुन्हा अंड्यांचा ट्रे आणला.