कंत्राटदाराचे रनिंग बिल कसे तपासावे

गोव्यात इमारतीच्या बाहेरची कामे पावसाळा सरला की सुरू होतात आणि मे संपायच्या आत उरकायची असतात. त्या सात-आठ महिन्यांत एकाच कामाची तीन-चार रनिंग बिले, म्हणजे तोवर झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिले, येतात. पहिल्या बिलात सहसा गडबड नसते, कारण त्यात मागचे काही वजा करायचेच नसते. घोळ होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या बिलापासून, आणि बहुतेक वेळा तो बेरीज-वजाबाकीचा नसतो. मागचा आकडा चुकीच्या रकान्यातून उचललेला असतो.

उदाहरण फोंड्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे धरू. बाहेरचा गिलावा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि चिऱ्यांची कंपाउंड वॉल असे २० लाखांचे काम आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. करारात ५ टक्के रिटेन्शन लिहिले आहे, म्हणजे प्रत्येक बिलातून तेवढे पैसे राखून ठेवायचे आणि नंतर परत द्यायचे. कंत्राटदार भागीदारी फर्म आहे. आता तिसरे बिल टेबलावर आले आहे.

बिल उघडण्याआधी करार उघडा. रिटेन्शन किती टक्के, ते फक्त कामाच्या किमतीवर की जीएसटी धरून, आणि परत कधी द्यायचे, एवढे कागदाच्या कोपऱ्यात लिहून घ्या. मग कंत्राटदाराच्या पॅनचे चौथे अक्षर बघा. तिथे ‘पी’ असेल तर तो एकटा माणूस, टीडीएस १ टक्का. ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, तिथेही १ टक्का. ‘एफ’ म्हणजे फर्म आणि ‘सी’ म्हणजे कंपनी, दोन्हीकडे २ टक्के. पॅनच दिला नसेल तर २० टक्के कापावे लागतात. बिलाच्या माथ्यावर मालकाचे नाव आहे म्हणून १ टक्का कापला आणि पॅन फर्मचा निघाला, असे होऊ शकते. आपल्या उदाहरणात दर २ टक्के.

पुढची पायरी मोजमापांची. रनिंग बिलात प्रत्येक कामापुढे तीन आकडे असतात: आजवरचे एकूण, मागच्या बिलापर्यंतचे, आणि या बिलातले. इंजिनिअर नवे मोजमाप तपासतो, पण ‘मागच्या बिलापर्यंत’ हा रकाना कोणी बघत नाही. मागचे मंजूर बिल शेजारी ठेवा आणि त्यातला ‘आजवरचे एकूण’ हा आकडा इथे जसाच्या तसा आला आहे का ते एकेक ओळ पाहा. मागच्या वेळी कंत्राटदाराने ४६० चौरस मीटर गिलावा मागितला आणि इंजिनिअरने ४२० मंजूर केला, तर इथे ४२० हवेत. ४२० च्या जागी ३८० आले असतील तर ४० चौरस मीटरचे पैसे दुसऱ्यांदा मागितले आहेत. हे नेहमी मुद्दाम होते असे नाही. कार्यालयातला मुलगा जुन्या फाइलवर नवे बिल चढवतो आणि जुना आकडा तसाच राहतो.

आता पैसे. आजवरचे एकूण काम १२,००,००० रुपये आणि मागच्या दोन बिलांतले मिळून ७,००,००० रुपये. म्हणजे या बिलाचे काम ५,००,००० रुपये. हिशेब असा:

या बिलाचे काम: ५,००,०००
जीएसटी १८ टक्के: अधिक ९०,०००
रिटेन्शन ५ टक्के: वजा २५,०००
टीडीएस २ टक्के: वजा १०,०००
द्यायची रक्कम: ५,५५,०००

कंत्राटदाराने मात्र वेगळी मांडणी केली आहे. त्याने आजवरचे काम जीएसटीसह १४,१६,००० धरले. त्यातून ‘आधी मिळालेले’ म्हणून बँकेत जमा झालेले ७,७७,००० वजा केले, उरले ६,३९,०००. त्यातून या बिलाचे रिटेन्शन २५,००० आणि टीडीएस १०,००० कापून ६,०४,००० मागितले. प्रत्येक आकडा खरा आहे, प्रत्येक वजाबाकी बरोबर आहे, तरी मागणी ४९,००० ने जास्त आहे.

ते ४९,००० आले कुठून? मागच्या ७,००,००० च्या कामावर ३५,००० रिटेन्शन आणि १४,००० टीडीएस कापला होता, म्हणूनच बँकेत ७,७७,००० गेले. एकूण कामातून फक्त बँकेतला आकडा वजा केला की तेव्हा कापलेले पैसे न दिलेले म्हणून पुन्हा वर येतात. ३५,००० चे रिटेन्शन असे मुदतीआधीच सुटते, आणि १४,००० तर सरकारजमा होऊन कंत्राटदाराच्या पॅनवर दिसत असतात. तेच त्याला दुसऱ्यांदा मिळतात.

म्हणून नियम एकच ठेवा. मागचे वजा करताना पूर्ण किंमत वजा करणार असाल, तर रिटेन्शन आणि टीडीएस फक्त या बिलाचे कापा. बँकेत दिलेली रक्कम वजा करणार असाल, तर दोन्ही कपाती पहिल्या बिलापासूनच्या एकूण घ्या. दुसऱ्या रीतीने पडताळा: १४,१६,००० मधून एकूण रिटेन्शन ६०,०००, एकूण टीडीएस २४,००० आणि दिलेले ७,७७,००० वजा केले की ५,५५,००० च उरतात. दोन्ही रीतींचे उत्तर जुळल्याशिवाय चेकवर सही करू नये. जुळले नाही तर फरकाची रक्कम मागच्या रिटेन्शनशी, टीडीएसशी किंवा दोन्हींच्या बेरजेशी लावून पाहा. बहुतेक वेळा तिथेच सापडते.

टीडीएस कशावर काढायचा, यावर खजिनदार आणि कंत्राटदार यांची हमखास जुंपते. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस जीएसटी सोडून काढायचा. ५,९०,००० वर काढलात तर १,८०० जास्त कापले जातील. उलट रिटेन्शन वजा करून ४,७५,००० वर काढलात तर ५०० कमी पडतील. टीडीएस रक्कम खात्यात जमा दाखवताना किंवा देताना, यातले जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. संस्थेच्या वहीत पूर्ण ५,००,००० कंत्राटदाराच्या नावे जमा होतात आणि रिटेन्शन त्याचे देणे म्हणून राहते, त्यामुळे कपात पूर्ण रकमेवर. कमी कापल्याचे व्याज संस्थेच्या माथी बसते. प्राप्तिकराच्या जुन्या कायद्यातले हे कलम १९४ सी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ते कलम ३९३ मध्ये गेले आहे. एकाच वेळी ३० हजारांपर्यंत आणि वर्षभरात एक लाखापर्यंतच दिले असेल तर कपात लागत नाही. २० लाखांच्या कामात ती सवलत विसरा.

मध्येच उचल दिली असेल तर ती वेगळ्या ओळीत दाखवा आणि ती देताना टीडीएस कापला होता का ते पाहा. कापला असेल तर तेवढ्या रकमेवर पुन्हा नको. पंचायतीच्या किंवा पीडब्ल्यूडीच्या कामात अडीच लाखांवरच्या करारांना जीएसटीचाही २ टक्के टीडीएस असतो. खासगी गृहनिर्माण संस्थेला तो लागू नाही, म्हणून सरकारी बिलाचा नमुना तसाच उचलू नका.

राहिले रिटेन्शन. काम पुरे झाल्यावर अर्धे आणि दोषदायित्वाची, म्हणजे निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची, मुदत संपल्यावर अर्धे, अशी पद्धत सर्रास असते. माझ्या मते वॉटरप्रूफिंग असलेल्या कामात ही मुदत एक पूर्ण पावसाळा ओलांडणारी हवी. मे महिन्यात कोरडी दिसणारी गच्ची जुलैमध्ये काय करते, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. २० लाखांचे काम पुरे झाले की हातात एक लाख रिटेन्शन असेल. ते सोडताना सगळ्या बिलांतल्या कपातींची बेरीज करून पाहा. टीडीएस पूर्ण रकमेवर आधीच कापला आहे आणि जीएसटीही पूर्ण रकमेवर दिला आहे, त्यामुळे रिटेन्शन परत देताना त्यातून टीडीएस कापायचा नाही आणि त्यावर नव्याने जीएसटीही द्यायचा नाही.