रीबॅलन्सिंग करताना या चुका टाळा

60 टक्के शेअर आणि 40 टक्के रोखे असं प्रमाण ठरवून 100 गुंतवले. पुढे शेअर 50 टक्के वाढले, रोखे 5 टक्के. आता शेअर 90, रोखे 42, एकूण 132. शेअरचा वाटा न विचारता 68.2 टक्क्यांवर गेला. तो पुन्हा ठरलेल्या 60 वर आणणं म्हणजे रीबॅलन्सिंग.

इथे पहिली चूक होते ती हिशेबात. वाटा 8.2 टक्क्यांनी वाढला म्हणून शेअरमधले 8.2 टक्के विकले जातात, म्हणजे 7.4. तरीही वाटा 62.6 उरतो, कारण टक्केवारी एकूण रकमेवर काढायची असते. 132 चे 60 टक्के 79.2, म्हणून 10.8 विकून रोख्यांत टाकायचे. विकायचं नसेल, करही वाचवायचा असेल, तर नवे पैसे रोख्यांत घाला. पण मग 10.8 पुरत नाहीत, 18 लागतात. नव्या पैशांनी एकूण रक्कमही फुगते, हे हटकून विसरलं जातं. व्यवहारानंतर वाटा पुन्हा मोजला की चूक लगेच दिसते.

आता शेअर 40 टक्के पडले असं धरू, रोखे जागेवरच. हात न लावलेला पोर्टफोलिओ 132 वरून 96 वर येतो, म्हणजे 27.3 टक्के घट. रीबॅलन्स केलेला 100.3 वर थांबतो, घट 24 टक्के. मूळ 60:40 घेताना एवढ्याच पडझडीची तयारी ठेवली होती. रीबॅलन्सिंगचं खरं काम हेच: जोखीम ठरवलेल्या पातळीवर ठेवणं. जास्त परतावा मिळेल म्हणून करणाऱ्याची लांबलेल्या तेजीत निराशाच होते, कारण त्या काळात ते मागे खेचतं.

दुसरी चूक मला जास्त महागाची वाटते: तेजीत विकायचं, पण मंदीत विकत घ्यायचं नाही. पडझडीनंतर रीबॅलन्स केलेल्या पोर्टफोलिओत शेअरचा वाटा 47.4 टक्के उरलेला असतो, म्हणजे रोख्यांतून 12.7 काढून शेअर घ्यायला हवेत. बहुतेक जण इथे ‘जरा थांबू’ म्हणतात. शेअर जुन्या भावाला परतले, तर घेणाऱ्याचे 140.4 होतात, थांबणाऱ्याचे 132, म्हणजे काहीच न करणाऱ्याइतकेच. अर्थात भाव परतलेच नाहीत आणि घसरतच राहिले, तर घेणाऱ्याचं नुकसान जास्त होईल. ती जोखीम 60 टक्के ठरवतानाच पत्करलेली असते. ती पेलवत नसेल तर मूळ प्रमाणच कमी करा, आणि तेही पडझडीच्या मधोमध नको.

छोट्या हिश्श्यांचा घोळ वेगळा. ‘5 टक्के हलला की रीबॅलन्स’ हा नियम, म्हणजे 60 चे 65 किंवा 55 झाले की हलवायचं, 60 टक्क्यांच्या हिश्श्याला ठीक आहे. सोन्याचं लक्ष्यच 5 टक्के असेल, तर सोनं निम्म्यावर आलं तरी नियम गप्प बसतो. अशा हिश्श्याला लक्ष्याच्या पाव भागाची मर्यादा लावा: 3.75 च्या खाली किंवा 6.25 च्या वर गेलं की हलवायचं.