काळाच्या उड्या मारणारी कादंबरी वाचताना: एका वहीतली कालरेषा

काळ सतत मागेपुढे होणारी कादंबरी पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांना मी एकच गोष्ट सुचवते. वाचताना शेजारी वही ठेवा आणि प्रकरण पुढे सरकेल तशी तिच्यात कालरेषा मांडत जा. ती कशी मांडायची हे उदाहरणाशिवाय नीट कळत नाही, म्हणून विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (1929) घेते. हे तंत्र माझ्या हाताला बसलं ते याच कादंबरीवर.

कादंबरीचे चार भाग आहेत आणि प्रत्येकावर तारीख छापलेली आहे: 7 एप्रिल 1928, 2 जून 1910, 6 एप्रिल 1928 आणि 8 एप्रिल 1928. म्हणजे भागांचा क्रमही सरळ नाही. वहीच्या पहिल्या पानावर या चार तारखा घडण्याच्या क्रमाने लिहून घ्या: आधी 1910 मधली, मग 1928 मधले लागोपाठचे तीन दिवस. एवढं केलं की बाहेरची चौकट पक्की होते. खरी अडचण पहिल्या भागाच्या आत आहे.

हा भाग बेंजी सांगतो. तो मतिमंद आहे, त्याला बोलता येत नाही, आणि त्याच्या लेखी काल आणि आज वेगळे नाहीत. आत्ता दिसलेल्या एखाद्या वस्तूवरून तो तीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात शिरतो आणि तसं सांगतही नाही. काही ठिकाणी अक्षरं तिरकी होतात, तेव्हा काळ बदलला असं समजावं. पण प्रत्येक उडीला तिरकी अक्षरं नसतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

या भागासाठी मी वहीत चार रकाने आखते: पान, सोबत कोण आहे, काय घडतं, आणि कशावरून उडी मारली. वर्षाचा रकाना मुद्दाम ठेवत नाही. तो असला की हात शिवशिवतो, अंदाजाने आकडा लिहिला जातो आणि पुढचं सगळं त्या आकड्याला जुळवून वाचलं जातं. वर्ष समासात लिहायचं, तेही मजकुरात आधार सापडल्यावर, पेन्सिलीने.

सुरुवातीची पानंच बघा. बेंजी कुंपणातून गोल्फ खेळणाऱ्यांकडे बघतो आहे. सोबत लस्टर नावाचा मुलगा आहे, तो हरवलेलं नाणं शोधतो आहे. तेहेतीस वर्षांचा झालास आणि अजून असा रडतोस, असं तो बेंजीला म्हणतो. भागाच्या डोक्यावर 1928 आहेच, म्हणजे बेंजीचा जन्म 1895 चा. हा पहिला पक्का आधार, तो समासात जातो. मग दोघं कुंपणाच्या फटीतून जाताना बेंजीचे कपडे खिळ्याला अडकतात, आणि पुढच्याच वाक्यात ते सोडवते त्याची बहीण कॅडी. थंडी आहे, नाताळ जवळ आला आहे, लस्टरचा पत्ता नाही. थोड्या ओळींनंतर व्हर्श बोलू लागतो. वहीत नवी ओळ: सोबत व्हर्श आणि कॅडी, नाताळच्या सुमाराची थंडी, उडीचं कारण खिळा.

इथेच या भागाची किल्ली आहे. बेंजीला सांभाळणारं माणूस काळानुसार बदलतं. तो लहान असताना व्हर्श, मोठा होत असताना टी. पी., आणि 1928 मध्ये लस्टर. म्हणून 'सोबत कोण' हा रकाना 'काय घडतं' याच्याही आधी भरायचा. प्रसंग अजिबात कळला नाही तरी तिथे टी. पी. आहे एवढं दिसलं, की ओळ साधारण कोणत्या टप्प्यात बसते ते ठरतं. तुमच्या कादंबरीत सांभाळणारी माणसं नसतील, पण असं काहीतरी असतंच: घरातलं जिवंत असलेलं किंवा नसलेलं माणूस, विकली गेलेली जमीन, बदललेलं आडनाव. इथे बेंजीचं स्वतःचं नावही तसंच आहे. तो आधी मॉरी होता, नाव नंतर बदललं. ज्या प्रसंगात नाव बदलण्याची चर्चा आहे, तो आपोआप एक खुंटा बनतो.

आता सगळ्यांना चकवणारी जागा. आई आणि बेंजी बग्गीतून कब्रस्तानाकडे निघाले आहेत, बग्गी टी. पी. हाकतो आहे. आई म्हणते, क्वेंटिनला सोडून जायची भीती वाटते. तोवर क्वेंटिन हा बेंजीचा थोरला भाऊ म्हणून माहीत झालेला असतो, त्यामुळे बरेच जण तोच घरी आहे असं धरून पुढे जातात. अशा वेळी मी नावापुढे प्रश्नचिन्ह टाकते आणि वाचत राहते. पुढे लक्षात येतं की क्वेंटिन दोन आहेत: एक भाऊ, दुसरी कॅडीची मुलगी. बग्गीच्या प्रसंगात घरी राहिलेली क्वेंटिन म्हणजे तान्ही भाची. मग मागे जाऊन ती ओळ दुरुस्त करायची, आणि लगेच कळतं की हा प्रसंग एप्रिल 1910 मधल्या कॅडीच्या लग्नानंतरचा आहे. यानंतर वहीत नुसतं 'क्वेंटिन' कधीही लिहू नये. 'भाऊ' किंवा 'भाची' जोडूनच लिहावं. झोपाळ्याच्या प्रसंगांत याचा फार उपयोग होतो. तिथे एकदा कॅडी आणि चार्ली आहेत, आणि एकदा भाची आणि लाल टाय घातलेला माणूस. बेंजीच्या डोक्यात दोन्ही एकमेकांना चिकटून येतात, पण भाचीच्या प्रसंगात लस्टर आहे, तेव्हा तो 1928 चा.

काही ओळींना वर्ष मिळतच नाही, आणि ते मिळालंच पाहिजे असंही नाही. ओढ्यात खेळताना कॅडी आपण सात वर्षांची असल्याचं सांगते. कॅडी बेंजीपेक्षा किती मोठी हे हाताशी नसेल, तर 'कॅडी सात वर्षांची, बेंजी लहान' एवढंच लिहून पुढे जावं. याच्या आधी आणि त्याच्या नंतर एवढा क्रम लागला तरी वाचनाचं काम भागतं.

वही प्रत्येक भागाला सारखी भरू नये. पहिल्या भागात दर पानाला ओळ लागू शकते. दुसऱ्या भागात, 2 जूनच्या दिवसाला, मी पान उभं दुभागते: डावीकडे त्या दिवशी क्वेंटिन (भाऊ) कुठे जातो ते, उजवीकडे त्याला काय आठवतं ते. तिसरा भाग बराचसा सरळ चालतो, तिथे मोजक्या ओळी पुरतात. अशा भागातही वही भरत बसलात तर गोष्टीचा वेग मारला जातो.

वाचून झाल्यावर या ओळी घडण्याच्या क्रमाने वेगळ्या कागदावर उतरवा, पण मूळ वही फेकू नका. घटनांचा सरळ क्रम कोणत्याही सारांशात मिळतो. 'कशावरून उडी मारली' हा रकाना मात्र कुठे मिळत नाही. तो वरपासून खालपर्यंत सलग वाचला की खिळा, कुंपण, झोपाळा अशा वस्तू ओळीने दिसतात, आणि त्यातल्या कितीतरी कॅडीपाशी नेतात. ती घरातून गेली आहे हे बेंजी एकदाही सांगू शकत नाही. ते या रकान्यातून कळतं.

एक खबरदारी मात्र घ्या. फॉकनरने पुढे 1946 मध्ये या घराण्याच्या इतिहासाचं एक परिशिष्ट प्रसिद्ध केलं आणि काही आवृत्त्यांत ते कादंबरीसोबत छापलेलं असतं. ते आधी वाचू नका. त्यातले काही तपशील कादंबरीशी जुळत नाहीत. तुमची कालरेषा आणि परिशिष्ट यांत फरक पडला तर कादंबरीतलं पान उघडून बघा, आणि पानावर जे आहे तेच वहीत राहू द्या.