तडजोडीच्या अटी लिहिताना ‘दिली जाईल’ खोडा

मध्यस्थीत जमलेली तडजोड ‘रक्कम लवकरात लवकर दिली जाईल’ अशी लिहिली, की पुढे अंमलबजावणीच्या दरखास्तीत अडते. कोण देणार, कधी, हेच त्यात नसतं. प्रत्येक अटीला कर्ता, तारीख आणि चुकल्यास काय, हे तिन्ही द्या:

‘प्रतिवादी वादीला ६ लाख रुपये ५० हजारांच्या १२ मासिक हप्त्यांत देईल. पहिला हप्ता ५ जुलै २०२६ ला, पुढचे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत वादीच्या बँक खात्यात. हप्ता चुकला आणि पुढच्या १५ दिवसांतही भरला नाही, तर उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल आणि तिच्यावर त्या दिवसापासून द.सा.द.शे. ९ टक्के साधं व्याज लागेल.’

वादी दावा कधी मागे घेणार, तेही असंच लिहा. मात्र चुकल्यास ‘दुप्पट रक्कम’ घालू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं.